पुरावा कधी दाखवला, यावर संशयिताचे उत्तर बदलावे का?

धागाकर्ता
माझ्या गुप्तहेर-खेळात १९७४ सालच्या साताऱ्यातील एका छापखान्याला रात्री आग लागते. संशयित ४ आणि पुरावे ९ आहेत. कोणताही पुरावा कोणालाही दाखवता येतो, म्हणून मी ३६ उत्तरे लिहिली. तरीही खेळून पाहणारे म्हणतात की संशयित यंत्रासारखे बोलतात. उत्तरे आणखी रंगवावीत, की पुराव्यांचा क्रमही मोजावा?

खूणगाठ
क्रम मोजावा, पण सगळा नव्हे, कारण ९ पुराव्यांचे क्रम ३,६२,८८० होतात. संशयिताचे उत्तर पुराव्यापेक्षाही तो आधी काय बोलून बसला आहे यावर ठरते. म्हणून प्रत्येकाचे एकच मुख्य खोटे ठरवा आणि ते मोडणारी एकच वस्तू ठरवा.

मालकाचा पुतण्या घ्या. "त्या रात्री मी कोल्हापुरात होतो," हे त्याचे खोटे. साताऱ्यातील सायकल दुकानाच्या भाड्याच्या वहीत रात्री ९ वाजता त्याचे नाव आहे, ही ते मोडणारी वस्तू. काही न विचारता वही पुढे केली, तर तो ती नोंद आपल्या हकिगतीत सहज बसवून घेईल. आधी "कुठे होतास?" असे विचारून त्याच्याकडून कोल्हापूर वदवून घेतले आणि मग वही उघडली, तर त्याला मागे जायला वाट उरत नाही. स्वीडनमधील ग्रानहाग आणि हार्टविग या मानसशास्त्रज्ञांनी खऱ्या चौकशीसाठी पुरावा असाच राखून ठेवण्याची पद्धत अभ्यासली आहे. इंक भाषेत एक खूण पुरते:

```
VAR kolhapur_mhanala = false

=== vahi_dakhav ===
{ kolhapur_mhanala:
    "नाव माझंच आहे... पण मी छापखान्याकडे गेलो नाही."
- else:
    "हो, आलो होतो. काकूंना भेटून लगेच परतलो."
}
-> chaukashi
```

दुहेरी उत्तर लागते ते फक्त खोट्याला भिडणाऱ्या दोन-तीन पुराव्यांना. उरलेल्या उत्तरांचे एकेकच रूप ठेवा.

निळी शाई
मला हे पटत नाही. वही घाईने दाखवणाऱ्या खेळाडूला आपले काय चुकले हे कळतच नाही आणि त्याचा मार्ग बंद होतो. 'एल.ए. नॉयर' (२०११) मध्ये सत्य, शंका आणि खोटे असे तीन पर्याय होते. शंका निवडली की नायक कधीकधी समोरच्यावर एकदम ओरडत असे आणि खेळाडू गोंधळून जात असे. २०१७ च्या आवृत्तीत त्या पर्यायांची नावेच बदलावी लागली. त्यापेक्षा ३६ उत्तरे मनापासून लिहावीत. छापखान्यातील जुळारी रॉकेलचा डबा पाहून काय बोलेल, हे त्याच्या बोलीतच वाचायला मिळाले पाहिजे.

खूणगाठ
बोलीबद्दल आपण योग्य सांगता. परंतु त्या खेळातील अडचण क्रमाची नव्हती, बटणाच्या नावाची होती: आपला नायक काय बोलणार आहे, हे त्या एका शब्दावरून कळत नसे. वाट बंद होण्याची भीती मात्र खरी आहे आणि तिचा उपाय दुसऱ्या उत्तरातच आहे. "काकूंना भेटून परतलो," हे नवे विधान तपासता आले पाहिजे. काकू त्या रात्री माहेरी होत्या, हे शेजारीण सांगू शकेल. घाई करणाऱ्याला एक फेरा जास्त पडतो, पण तो अडकत नाही. पुतण्या सुटला असे वाटायला लावणारे आणि तरीही नवा धागा देणारे उत्तर लिहिणे हेच यातले अवघड काम आहे.

तळटीप
मी वकिली करतो, म्हणून वेगळीच शंका मांडतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालतच नाही. १९७४ साली लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ तसे सांगते. मग पुतण्याला कोंडीत पकडून उपयोग काय?

धागाकर्ता
माझा प्रश्न उत्तरे कशी लिहावीत याविषयी होता. तरी हे महत्त्वाचे आहे, कारण माझ्या खेळाचा शेवट कबुलीवरच होतो.

तळटीप
मग कलम २७ पाहा. ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरतात. माझ्या एका खटल्यात अशिलाचा सगळा जबाब गळाला आणि विहिरीत सापडलेली कोयती मात्र शेवटपर्यंत आडवी आली. आपल्या पुतण्याने "मी केले" म्हणण्यापेक्षा जळालेली हिशेबवही कुठे पुरली, ते सांगितलेले बरे.

धागाकर्ता
हे मी घेतो. म्हणजे भाड्याच्या वहीचे पान योग्य वेळी दाखवले, तर पुतण्या जागा सांगेल. लवकर दाखवले, तर ती जागा शेजारणीच्या जबाबानंतरच कळेल. पण रखवालदाराचे काय? तो खोटे बोलतच नाही. त्याने पुतण्याला पाहिले आहे, पण नोकरीच्या भीतीने तो गप्प आहे.

खूणगाठ
त्याच्यासाठी खूण वेगळी हवी. मालक खोलीत आहे की नाही, यावरून त्याचे उत्तर बदलावे.

निळी शाई
आणि मालक नसतानाही तो तोंड उघडणार नाही, असे मला वाटते. बायकोमुलांसह आवारातच राहणारा माणूस आहे तो. त्याची ९ उत्तरे मी तरी हातानेच, एकेक करून लिहीन.