आगाऊ भाडं १ च्या खाली

> "दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला येणारं भाडं २ च्या खाली लिहायचं ना?"

नाही, १ च्या खाली. रकमा कधी येतात-जातात ते दाखवणाऱ्या कालरेषेवरचे आकडे म्हणजे वर्षं नव्हेत, तारखा आहेत. ० म्हणजे आज, १ म्हणजे आजपासून बरोबर एक वर्षानं. पहिलं वर्ष ० ते १ या दोन खुणांमधली जागा. म्हणून पहिल्या वर्षाची अखेर आणि दुसऱ्याची सुरुवात एकाच खुणेवर येतात.

कोणी म्हणेल की रक्कम एक खूण इकडेतिकडे लिहिली तर फारसं बिघडत नाही. इथे मात्र बिघडतं. समजा, १,००,००० रुपयांचं यंत्र आज घेऊन तीन वर्षं वार्षिक ४०,००० भाड्यानं दिलं, व्याजदर १०%, शेवटी यंत्राची किंमत शून्य. भाडं वर्षअखेरीस असेल तर ते १, २, ३ वर येतं. आजच्या किमतीत ९९,४७४, म्हणजे ५२६ चा तोटा. तेच आगाऊ मिळालं तर ०, १, २ वर येतं. १,०९,४२१, म्हणजे ९,४२१ फायदा! त्यामुळे आधी करारातली देय तारीख वाचा.

रकमांची आजची किंमत काढणारं एक्सेलचं `NPV` पहिली रक्कम १ वर धरतं. ० ची रक्कम (इथे B2, खर्च उणे चिन्हासह) बाहेर ठेवा: `=B2+NPV(10%,B3:B5)`