मदत हवी आहे: भाऊबीजेच्या फोटोसाठी घरच्या घरी पडदा आणि स्टँड

मृदुला_कोथरूड

यंदा भाऊबीजेला आमच्याकडे सगळे जमणार आहेत. आजी-आजोबा धरून तेरा माणसं, त्यात तीन पोरं. दरवर्षी सोफ्यावर कोंबून फोटो काढतो आणि मागे टीव्ही, स्विचबोर्ड, फ्रिजचा कोपरा असं सगळं येतं. म्हणून मागे लावायला कापडाचा पडदा करायचं ठरवलंय.

हॉल ११ बाय १७ फूट. बाल्कनी एका ११ फुटी बाजूला, पश्चिमेला. नवऱ्याने प्लंबिंगचा एक इंची पीव्हीसी पाइप आणलाय, आडवा १० फूट आणि दोन उभे साडेसात फूट, वर एल्बो, खाली टी लावून पाय. जोडून पाहिला तर आडवा पाइप नुसताच मध्ये वाकतोय, कापड अजून लावलेलंही नाही. शिवाय धक्का लागला की डुलतो.

प्रश्न तीन. पाइपचं काय करू? कापड कोणतं आणि किती घेऊ? आजीची जुनी पैठणी आहे, तीच मागे लावावी असं माझ्या मनात आहे. आणि १० फूट रुंदी पुरेल ना? फोटो साध्या फोनवरच काढणार, वेगळा कॅमेरा नाही.

दगडूशेठ_नव्हे

आम्ही गणपतीच्या मखराला थर्मोकोलऐवजी पुठ्ठा वापरला होता, पन्नास ग्रॅमचा फेव्हिकॉल पुरला. तुम्हीही पुठ्ठ्याची कमान करा, मस्त दिसते. फोटो हवे असतील तर टाकतो.

मृदुला_कोथरूड

दादा, मखर नाही हो, माणसांच्या मागे लावायचा पडदा हवाय. पण कमानीचे फोटो टाका, पुढच्या वर्षी गणपतीत बघू.

अभि_ठाणे

पाइप वाकतोय ना, सगळ्या पाइपांत वाळू भरा. जड झाला की स्टँड हलत नाही. आम्ही सोसायटीच्या नेटसाठी असंच केलं होतं. बाकी फोटो पोर्ट्रेट मोडवर काढा, मागचं आपोआप धूसर होतं, कापडाचीही गरज नाही.

मांडववाला_नाशिक

अभिदादांचं अर्धं बरोबर आहे. वाळू पायांत भरा, आडव्यात अजिबात नको. आडवा आधीच स्वतःच्या वजनाने वाकतोय, त्यात वाळू गेली तर आणखी वाकेल.

ताई, पीव्हीसी मुळात पाण्यासाठी असतो, भार धरायला नाही. दहा फुटांत तो वाकणारच. तीन उपाय आहेत, सोपा तो आधी सांगतो. एक, मधोमध तिसरा उभा पाइप द्या. आडवा मधून कापून टी बसवा आणि त्याखाली पाय द्या. कापडामागे जातो, फोटोत दिसत नाही. दोन, फक्त आडवा बदला, हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची जीआय पाइप मिळतो. तीन, सरळ बांबू. मला विचाराल तर बांबू, पण सरळ बांबू शोधायला बाजारात अर्धा दिवस जातो.

डुलतोय तो पायांमुळे. पाय पुढेमागे दोन-दोन फूट तरी हवेत, आणि त्यांवर वजन. वाळू नसेल तर तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन पाण्याने भरून मागच्या पायाला बांधा. जोड सोल्युशनने चिकटवू नका, नाहीतर स्टँड माळ्यावर कसा चढवणार? एकेक स्क्रू मारा, पुढच्या वर्षी सुटतो.

शिवणकला

मांडववाल्यांना अनुमोदन. कापडाचं मी सांगते, माझं पडदे शिवायचं काम आहे.

पैठणी नको. जुनं रेशीम घडीच्या जागी आधीच नाजूक झालेलं असतं. चिमट्याने टांगलं की वजन नेमकं त्याच ठिकाणी येतं आणि फाटतं. फारच वाटलं तर आजींच्या खुर्चीच्या पाठीवर अंथरा, तिथे पदर छान दिसतो.

पडद्याला बेडशीटचं सुती थान घ्या, ९० इंच पन्ह्याचं, एकरंगी. लांबी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. ते आडवं वापरायचं, पन्हा उंचीला आणि लांबी रुंदीला. १८ फूट कापड दहा फुटांत चुण्या पाडून बसतं, पावणेदोन पटीच्या जवळपास. त्यामुळे सुरकुत्या चुण्यांत लपतात. ताणून सपाट लावलंत तर घडीची प्रत्येक रेघ फोटोत दिसते, कितीही इस्त्री करा. वर तीन इंच दुमडून नेफा शिवा, म्हणजे उंची ८७ इंच उरेल. आणि एल्बो लावायच्या आधी कापड पाइपात ओवा! एल्बो नेफ्यातून जात नाही, हे बऱ्याच जणांच्या शेवटी लक्षात येतं. मधला पाय देणार असाल तर त्या टीच्या जागी नेफ्याच्या मागच्या पदराला चीर द्या आणि कडा शिवून घ्या.

सॅटिन घेऊ नका. दुकानदार तेच दाखवेल, कारण ते चमकतं.

रंगीबेरंगी_डोंबिवली

सॅटिन का नको? माझ्या भाचीच्या बारशाला सॅटिनच होतं, छान दिसत होतं. आणि स्वस्तही पडतं.

शिवणकला

बारशाला नुसतं बघायचं असतं, डोळ्याला ती चमक आवडते. फोटोत प्रकाश पडेल तिथे पांढरे पट्टे येतात. दुकानात तपासून पाहा. फोनचा टॉर्च डोळ्याजवळ धरून कापडावर पाडा. झगझगीत ठिपका उठला तर फोटोतही उठणार. सुतीवर तो पसरतो.

फोकस_बंद

रुंदीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि सगळे अडकतात ते तिथेच. रुंदी माणसांच्या ओळीइतकी धरून चालत नाही. कापड माणसांच्या मागे असतं, कॅमेऱ्यापासून लांब, त्यामुळे कॅमेऱ्याला मागे जास्त रुंदी दिसते.

तुमच्याच हॉलचा हिशोब करू. बाल्कनीसमोरच्या भिंतीपासून एक फूट सोडून स्टँड. त्यापुढे तीन फुटांवर माणसं. त्यापुढे दहा फुटांवर फोन. एकूण चौदा फूट झाले, तुमच्या पाठीमागे तीन फूट उरतात. आता फोनपासून माणसं १० फुटांवर आणि कापड १३ फुटांवर, म्हणजे माणसांच्या जागी जेवढी रुंदी हवी त्याच्या १.३ पट कापड लागेल. चौकट ८ फुटांची धरली तर १०.४ फूट. तुमचा पाइप १० फूट, म्हणजे दोन्ही कडांना भिंत डोकावणार.

मागच्या ओळीत सहा जण सरळ छाती पुढे करून उभे केले तर ८ फूट सहज लागतात. सगळ्यांना थोडं तिरकं, एक खांदा पुढच्याच्या मागे, असं उभं करा. सात-सव्वासात फुटांत बसतात. चौकट साडेसात फूट, कापड ९.७५. पुरतं, पण काठावर.

खात्री करायची असेल तर सुतळी घ्या. एक टोक फोनच्या जागी धरा, शेवटच्या माणसाच्या कोपराला चाटून सरळ मागे न्या. सुतळी कापडावर टेकली तर ठीक. कापडाच्या बाहेर गेली तर त्या माणसाला आत घ्या.

पोर्ट्रेट मोडबद्दल: एका माणसाला ठीक आहे. तेरा जणांत मागच्या ओळीचे कान आणि केस पुसले जातात. फोन १x वर ठेवा, ०.५ तर मुळीच नको, त्यात कडेच्या काकू दीडपट होतात. १x वर बाजूच्या भिंती येतील, त्या नंतर कापा.

मृदुला_कोथरूड

सुतळीची युक्ती फारच आवडली. उद्याच बघते.

पण मग माणसं कापडाला टेकवून का नको उभी करायची? तीन फूट वाचतील आणि रुंदीचाही प्रश्न मिटेल.

फोकस_बंद

रुंदीचा मिटेल, सावलीचा सुरू होईल. टेकून उभं राहिलं की प्रत्येक डोक्याची सावली मागच्या चुण्यांवर बसते. फ्लॅश मारला तर काळी कडाच उमटते. तीन फूट पुढे आलं की सावली खाली जमिनीकडे पडते आणि कापड जरा मऊ दिसतं. जागेची अगदीच ओढ असेल तर दोन फूट. त्याखाली जाऊ नका.

फ्लॅश बंद. बाल्कनी समोर आहे हे तुमचं नशीब, उजेड थेट चेहऱ्यांवर येतो. पश्चिम आहे म्हणून चारच्या सुमाराला ऊन सरळ आत येईल, सगळे डोळे मिचकावतील. दाराला पांढरी पातळ चादर लावा. हॉलमधले पिवळे दिवे त्या वेळी बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू पिवळी, एक निळसर.

सातासमुद्रापार

आमच्याकडे न्यू जर्सीत दिवाळी नोव्हेंबरात आली आणि घड्याळं तासभर मागे गेली असली की पाचच्या आसपासच अंधार होतो आणि सगळे येतात सहाला. खिडकीचा उजेड कुठला? पांढऱ्या छताकडे तोंड करून दोन मोठे दिवे लावतो, उजेड छतावरून परत येतो. फोटो बरा येतो पण डोळ्यांखाली सावली राहते. कोणाकडे उपाय आहे का?

फोकस_बंद

दिवे छताऐवजी फोनच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारून बघा. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर टांगा. पण तुमची खोली पाहिल्याशिवाय जास्त सांगत नाही.

रंगीबेरंगी_डोंबिवली

रंग कोणता घेणार ताई? दिवाळी म्हणजे लाल-पिवळा हवाच.

मृदुला_कोथरूड

तिथेच घरात दोन तट पडलेत. आजीची नऊवारी मरून आहे आणि आईला पडदा मरून हवाय.

शिवणकला

मरूनवर मरून म्हणजे आजींचा फक्त चेहरा आणि हात दिसतील. पडदा मोरपंखी किंवा फिका मेंदी घ्या, त्यावर काठ आणि जर उठून दिसते. लाल-पिवळं झेंडूच्या माळांत आणा. माळा कापडाला टाचू नका, ओला झेंडू सुतीवर डाग सोडतो. आडव्या पाइपाला वेगळी सुतळी बांधून तिला सोडा, कापडापासून बोटभर पुढे. आणि मधे नको, दोन्ही कडांना.

मांडववाला_नाशिक

माळांचं वजनही धरा. कापड पावणेदोन किलोच्या घरात जाईल, ओल्या झेंडूच्या माळा त्याहून जड होतात. मधला पाय दिलात तरच माळा लावा.

आकाशकंदील लावाल तर ओळीच्या बाहेर, कोणाच्या डोक्यामागे नको. पणत्या पेटवून जमिनीवर मांडू नका, पुढे तीन पोरं आणि नऊवारीचा घोळ आहे. सेलवरच्या पणत्या मिळतात, त्या ठेवा. ज्योतीचा फोटो हवाच असेल तर वेगळा घ्या, आजी-आजोबा दोघेच, हातात तबक, पडदा लांब.

अभि_ठाणे

चारच्या उन्हात सेलच्या पणत्या दिसणार तरी का?

मांडववाला_नाशिक

फारशा नाही. पण पोरांना हातात काहीतरी हवं असतं.

मृदुला_कोथरूड

आज सुतळी लावून पाहिली. सोफा बाहेर काढला. डावीकडे कापडाला टेकते, उजवीकडे चार बोटं बाहेर जाते, कारण तिकडे शोकेस आहे आणि स्टँड सरकत नाही. म्हणून सगळी ओळ थोडी डावीकडे घेणार आणि फोनही तेवढाच डावीकडे. मधला पाय बसवला, आता वाकत नाही. पायांना पाण्याचे कॅन बांधलेत, मुलाने मुद्दाम ढकलून बघितलं, हलतो पण पडत नाही.

कापड मोरपंखी आणलं, साडेपाच मीटर. नेफा उद्या शिवते. धुऊन शिवू की तसंच? दुकानदार म्हणाला आटणार नाही, मला भरवसा नाही.

शिवणकला

धुऊनच शिवा. सुती कापड थोडं तरी आटतंच. उंचीत दोन-तीन इंच गेले तर खाली पोरांच्या मागे फट दिसेल, तिथे सतरंजी भिंतीकडे वर घ्या. वाळल्यावर आदल्या रात्री टांगून हलकं पाणी शिंपडा आणि खालच्या काठाला चिमटे लावून ठेवा.

मृदुला_कोथरूड

बरं. आईला मात्र अजून मरूनच हवाय, तिला मी सांगायचं की आजीने, ते घरी ठरतंय.