आरओचं वेस्ट पाणी: व्हॉल्व आवळून बचत होते का?

चोपडेकर: एक लिटर प्यायला मिळतं आणि तीन गटारात! मी वेस्टच्या नळीला व्हॉल्व लावून आवळला, आता लिटरमागे लिटरच जातं. आणि तेच पाणी कुंड्यांना घालतो. मेकॅनिक लोक हे मुद्दाम सांगत नाहीत.

भुसावळवाला मेकॅनिक: मुद्दाम? भाऊ, तुमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 800 धरा. चार लिटर आत गेलं, एक लिटर 60 चं निघालं, तर उरलेल्या तीन लिटरमध्ये साधारण 1050 होतो. तुम्ही आवळून एकास एक केलं की तोच 1500 च्या वर जातो, मीठ कुठं उडून जात नाही ना. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाशी तर त्याहून जास्त साचतं, आणि आपल्याकडचं पाणी जड, म्हणून थर बसतो. मागे एकाचं मेम्ब्रेन उघडलं, आत खडूची भुकटी, बोटाला करकर लागत होती. लिटर भरायला पाच मिनिटं लागायची, तिथं बारा लागत होती.

चोपडेकर: माझं तर पाणी उलट जास्त येतंय!

भुसावळवाला मेकॅनिक: येणारच, व्हॉल्व आवळला की आतला दाब वाढतो. दोन-तीन महिने थांबा, मग नळीचा पुशफिट जोड गळेल नाहीतर टीडीएस चढेल. वाचवायचंच असेल तर आधी सेडिमेंट फिल्टर बदला. तो चोंदला की पंपाला पाणी कमी, दाब 60-70 पीएसआयवरून 30-40 वर, मग गोडं पाणी फार घटतं आणि वेस्ट त्या मानानं कमी होत नाही. घड्याळ आणि मेजरिंग मग घेऊन मोजा की.

धरणगावची माई: ते राहू द्या, मी वेस्ट पाणी कूलरमध्ये टाकते. मे महिन्यात बादल्याच बादल्या लागतात.

यावलचा केळीवाला: माई, कूलर म्हणजे पाणी उडवायचं मशीन, मीठ मागे राहतं! आमची जाळी दगड झाली, पंप जाम, 45 डिग्रीत बायकोनं मलाच हवा घालायला लावली.

धरणगावची माई: माझा दोन उन्हाळे चालतोय. तुम्ही टाकी धुतच नसाल.

यावलचा केळीवाला: धुतो हो! बोअरचं पाणी टाकलं तरी थर येतोच, तुमचं तर त्याहून खारं.

धरणगावची माई: मग कूलरच विकू का? आठवड्याला टाकी रिकामी करते आणि ताजं भरते, बस.

भुसावळवाला मेकॅनिक: टाकी रिकामी केली तर चालतं, हे माईंचं मान्य. पण संडास, फरशी आणि भांड्यांची पहिली विसळ, ही खरी जागा.

चोपडेकर: 2019 ला हरित लवादानंच 60 टक्के रिकव्हरी म्हटलंय, मी तर 50 वरच आहे!

भुसावळवाला मेकॅनिक: ते तसं डिझाइन केलेल्या मशीनसाठी, नळी आवळलेल्यासाठी नाही. कुंडीत काय लावलंय?

चोपडेकर: कढीपत्ता. पानांच्या कडा करपल्यात, पण ते उन्हानं.

यावलचा केळीवाला: हो ना, ऊन फक्त कडांवरच पडतं तुमच्याकडं.

चोपडेकर: बरं, व्हॉल्व थोडा सैल करतो. तुमच्यासाठी नाही, कढीपत्त्यासाठी.