रक्तदान शिबिराच्या फ्लेक्ससाठी चार ओळी हव्यात, आजच!

विश्रामबागकर: सोसायटीत रविवारी रक्तदान शिबिर आहे. फ्लेक्सवाला संध्याकाळी मजकूर मागतोय आणि मला काही सुचेना. कोण रक्त देऊ शकतं, वेळ आणि पहिल्यांदा देणाऱ्यांची भीती जाईल असं काहीतरी, एवढंच. पटकन द्या.

कवडीचुंबक: 'रक्ताचा एक थेंब, कुणाच्या घरचा दिवा.' घ्या, फुकट.

मिरजेची_सून: अहो, वेळ काय? येणारे कोण, कॉलेजची पोरं की निवृत्त मंडळी? नुसतं 'काहीतरी' म्हणून कसं लिहायचं?

विश्रामबागकर: वेळ ७ ते ११, उन्हाच्या आत आटपायचंय. निवृत्त बरेच आहेत. पोरं पण आहेत, बहुतेकांची पहिलीच वेळ.

निळा_थेंब: रविवारी संकष्टी आहे, बघितलंत का? मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो, म्हणून विचारतोय. सकाळी ७ ला निम्मी माणसं नुसता चहा घेऊन येणार, उपवासवाली तेवढाही न घेता. चक्कर येते ती बहुतेक अशांनाच. ३५० मिली रक्त गेल्यानं धडधाकट माणूस पडत नाही. भीती, रिकामं पोट आणि कमी पाणी एकत्र आलं की नाडी मंदावते, बीपी उतरतं.

एका शिबिरात ४८ किलोची मुलगी होती, उपवास असल्याचं लपवलेलं. कॉटवर ठणठणीत. लगेच उठली, बिस्किटाच्या टेबलाजवळ उभी राहिली आणि तिथं कोसळली. त्याआधी ती गप्प झाली होती, जांभया देत होती, कपाळाला घाम. हे दिसलं की तिथंच आडवं करायचं, पाय वर. काही मिनिटांत उठून बसली. जास्त भीती होती खाली पडून डोक्याला लागायची.

हळद_बाजार: संकष्टीला साबुदाण्याची खिचडी चालते की! उपवास म्हणून शिबिर कुठं बदलता?

निळा_थेंब: खिचडी खाऊन आला तर माझी काहीच हरकत नाही. पोट भरलेलं हवं, मग ते कशानं का भरेना. निर्जळी मात्र नको.

हळद_बाजार: आणि शुगरवाल्यांना येऊच नका म्हणून लिहा. त्यांचं घेत नाहीत.

निळा_थेंब: अर्धं बरोबर. इन्सुलिनवर असेल तर नाही. गोळ्यांवर साखर ताब्यात असेल आणि गेल्या ४ आठवड्यांत औषध बदललेलं नसेल तर घेतात. बीपीच्या गोळ्यांचंही जवळपास तसंच. शेवटी तिथला डॉक्टर ठरवतो. निवृत्तांसाठी एक महत्त्वाचं: ६५ पर्यंत चालतं खरं, पण पहिल्यांदाच देणारा ६० च्या वर नको.

मिरजेची_सून: मला गेल्या वेळी परत पाठवलं. बोटातून थेंब काढून निळ्या पाण्यात टाकला, तो वरच तरंगला. रांगेतले सगळे बघत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निळा_थेंब: ताई, थेंब तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असं आम्ही धरतो. तरंगला तर तुमचं रक्त तुम्हालाच हवंय, एवढाच अर्थ. डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. टेबल आडोशाला ठेवायला सांगा, अर्धी लाज तिथंच जाते.

प्रवासी_४१५: डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट कुठं मिळतील? या शिबिरातून मिळतील का?

मिरजेची_सून: दादा, हॉस्पिटलच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट रक्तपेढीत जा. इथं वाट बघू नका.

कवडीचुंबक: भेट काय देताय? बाजूच्या सोसायटीत टिफिन दिला, रांग लागली होती.

निळा_थेंब: टिफिनसाठी आलेला माणूस मागची कावीळ सांगेल का? तपासण्या होतात, पण पहिली चाळणी त्यानं दिलेलं खरं उत्तर असते.

कवडीचुंबक: तुम्ही लोक टिफिनवरही संशय घेता. नुसत्या बिस्किटावर कोण येतंय!

विश्रामबागकर: ओ, भांडू नका, मजकूर द्या!

मिरजेची_सून: हे बघा, सगळे खाऊन येतील म्हणून वेळ ७ ऐवजी ९ केलीय:

*रक्तदान शिबिर, रविवार, सोसायटीचा हॉल, सकाळी ९ ते १.*
*वय १८ ते ६५ (पहिल्यांदा देणार असाल तर ६० पर्यंत), वजन ४५ किलो किंवा जास्त. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ३ महिने, महिलांचे ४ महिने झालेले हवेत.*
*पोटभर खाऊन, दोन ग्लास पाणी पिऊन या. चालू औषधं आणि जुने आजार डॉक्टरांना सांगा.*
*पहिलीच वेळ? तसं सांगा. सुई टोचते तेवढंच, रक्त साधारण १० मिनिटांत होतं. नंतर पंधरा मिनिटं बसा, लगेच गाडीला किक मारू नका. तपासणीत थांबवलं तरी मनाला लावून घेऊ नका.*

निळा_थेंब: झकास. 'उपवास असेल तर आधी सांगा' एवढं वाढवा.

विश्रामबागकर: वाढवलं. पण सेक्रेटरी ९ ला मानेनात, ८ ते १२ वर अडलेत. फ्लेक्सवाल्याला तेच पाठवतोय.

हळद_बाजार: मग ८ ला खिचडी तुम्हीच ठेवा की हॉलमध्ये.