आजारपणामुळे कर्जाच्या हप्त्यात सवलत मागताना अर्जात काय लिहावे?

> «आजारपणाची सगळी हकीकत लिहावी का? आणि मराठी व इंग्रजी अर्जांत सूर सारखा कसा ठेवावा?»

सगळी हकीकत नको. अर्ज वाचणाऱ्याला उत्पन्न कधीपासून, किती घटले आणि ते पूर्ववत केव्हा होईल, एवढेच ठरवायचे असते. त्यामुळे रजेचा कालावधी दाखवणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरे, तपासण्यांचे अहवाल मागितल्याशिवाय जोडू नयेत.

समजा, मासिक उत्पन्न ४०,००० वरून २४,००० वर आले, आवश्यक खर्च १७,००० आहे आणि हप्ता १२,००० आहे. हाती ७,००० उरतात, म्हणून «सहा महिने दरमहा ६,००० भरू शकेन, त्यानंतर पूर्ण हप्ता सुरू करीन» असे लिहावे. सातही हजार कबूल केले, तर पहिल्याच अनपेक्षित खर्चाला शब्द मोडतो, आणि सवलतीतला चुकलेला हप्ता पुढची विनंती अवघड करतो. सवलतीच्या काळात व्याज सहसा चालूच राहते. तेव्हा राहिलेली रक्कम मुदत वाढवून वसूल होणार की हप्ता वाढवून, हे त्याच अर्जात विचारून लेखी उत्तर मागावे.

सुराबाबत माझे मत असे, की मराठीत «आपणांस नम्र विनंती» एकदाच पुरे. «आपल्या दयेवर अवलंबून आहे» यासारखी वाक्ये इंग्रजीत नेली की ती केविलवाणी वाटतात (खरे तर मराठीतही वाटतात). उलट इंग्रजीतील कोरडे «भरू शकत नाही» हे नकारासारखे वाचले जाऊ शकते, म्हणून तिथेही आधी किती भरू शकतो तेच लिहावे. आकडे व तारखा मात्र दोन्ही प्रतींत समोरासमोर ठेवून ताडून पाहाव्यात.