शब्दचर्चा: ‘पाठ’ एक की दोन? आणि कोटी नेमकी कुठे फसते?

नीरजा: मुलीच्या वर्गात गुरुजींनी विचारलं, “कविता पाठ केली का?” एक कार्टं उठून म्हणालं, “हो, फळ्याकडे पाठ केली!” घरी हसून झाल्यावर प्रश्न पडला. पाठीतली पाठ आणि पुस्तकातला पाठ हा एकच शब्द का? आणि ‘श्लोक’ घालून हीच कोटी करून पाहिली तर जमेना. असं का?

हौशी: सोपं आहे. व्युत्पत्ती बघायची. अंगाची पाठ ‘पृष्ठ’वरून आली, धड्याचा पाठ संस्कृतातून जसाच्या तसा. मूळ वेगळं तर शब्द दोन, मूळ एक तर शब्द एक. विषय संपला.

खिळेजुळारी: पाठीपुरतं बरोबर आहे, पण नियम म्हणून टिकत नाही. ‘वेळ’ घ्या. वेळ लागला आणि वेळ झाली, दोन्हींचं मूळ ‘वेला’च. तरी ‘वेळाने आला’ म्हणजे उशिरा आला आणि ‘वेळेवर आला’ म्हणजे बरोबर ठरल्या क्षणी आला. अर्थ जवळजवळ उलटे! मूळ एक असूनही मराठीने लिंग वेगळं केलं आणि सामान्यरूपही. बोलणाऱ्याला व्युत्पत्ती कुठे ठाऊक असते? त्याच्या जिभेवर ‘वेळाने’ आणि ‘वेळेवर’ हेच असतं.

नीरजाताई, तुमच्या श्लोकाचं उत्तरही इथेच आहे. ‘कविता पाठ केली’ यातली ‘केली’ कवितेमुळे आली. ‘फळ्याकडे पाठ केली’ यातली ‘केली’ मात्र पाठीमुळे, कारण ती पाठ स्त्रीलिंगी. दोन्हीकडे ‘केली’ आली हा योगायोग, म्हणून पोरगं जिंकलं. गुरुजींनी “श्लोक पाठ केला का?” विचारलं असतं, तर त्याला “फळ्याकडे पाठ केली” असंच म्हणावं लागलं असतं आणि केला-केलीत कोटी उघडी पडली असती. “पाठ करा” या आज्ञेत मात्र लिंग दिसतच नाही, तिथे ती बिनधास्त चालते.

शब्दाला प्रत्यय लागला की मराठी सहसा चुगली करते: मानेवर-मानाचा, नावेत-नावात, माळेत-माळावर. म्हणून कोटीबाज माणूस शब्द उघडा ठेवतो, त्याला विभक्ती लागू देत नाही.

बे_एरिया_काकू: आमच्याकडची अडचण वेगळीच. नातू मराठी वाचायला शिकतोय. ‘बाळाला चार घास चार’ हे वाक्य त्याने दोन्हीकडे आकड्यासारखंच वाचलं. हासुद्धा श्लेषच का?

खिळेजुळारी: नाही काकू, हे उलटं प्रकरण. लिहायला एक, पण कानाला दोन. आकड्यातला च ‘चिमणी’मधल्यासारखा, चारण्यातला ‘चमचा’मधल्यासारखा. देवनागरीत त्यांना वेगळी अक्षरं नाहीत. कागदावर कोटी होईल, मोठ्याने म्हटलीत की संपली. नातवाला वाक्य वाचून दाखवा, नुसतं समोर ठेवू नका.

हौशी: मग ‘दिन’ आणि ‘दीन’? तिथे तर ऱ्हस्व-दीर्घाने सगळं स्पष्टच होतं की.

खिळेजुळारी: कागदावर होतं. बोलताना आपण दोन्ही दीर्घच उच्चारतो, म्हणून तर ‘स्मृतिदीन’ छापून येतो आणि मग वाचकांचे फोन! ही कोटी भाषणात करावी, बातमीत नाही.

खरी गंमत शब्द कुठे तोडायचा यात आहे. शाळेत श्लेष शिकताना दमयंतीचं ‘औषध नलगे मजला’ येतंच. आई ऐकते ‘न लगे’, म्हणजे औषध नको. लेकीच्या मनात असतं ‘नल गे’, म्हणजे अगं, नल हेच औषध. इथे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीतच, अक्षरांची रांग एक आणि तोडायच्या जागा दोन. जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे लेखनिकाला काही ठरवावंच लागलं नाही. छापताना मात्र जुळाऱ्याने मध्ये खिळा टाकून जागा सोडली की एक अर्थ मेला. ते ‘नलगे’ जोडूनच ठेवायचं असतं, आणि टाइप करणारे उत्साहाने तोडतात.

तबलजी: प्रत्यय लागला की चुगली होते म्हणता, पण माझ्या धंद्यात होत नाही. मी साथ करतो. करोनाच्या काळात एका सभागृहाबाहेर पाटी होती, ‘साथीमुळे कार्यक्रम रद्द’. चार मित्रांनी फोन करून विचारलं, तू काय केलंस रे?

नीरजा: 😂 दोन्ही साथी स्त्रीलिंगी आणि दोन्हींचं सामान्यरूप ‘साथी’!

खिळेजुळारी: पकडलंत. इथे व्याकरण काहीच मदत करत नाही, संदर्भच लागतो.

हौशी: म्हणजे हा एकच शब्द. रोगही सोबतीनेच येतो, एकाकडून दुसऱ्याकडे.

खिळेजुळारी: ऐकायला गोड आहे, पण अर्थ जुळवता आला म्हणून मूळ एक ठरत नाही. जुन्या लिखाणात रोगाची ‘साथ’ कधीपासून दिसते ते पाहावं लागेल. तोवर मी कोशात दोन नोंदी करीन.

हौशी: मी एकच करीन.

तबलजी: करा हो काहीही, पण पाटीवर ‘रोगाच्या साथीमुळे’ लिहा.