मुख्य करार आणि पीओ यांतील विसंगती : यादी करावी की करू नये?

खरेदी_पुणे (प्रश्न): एका पुरवठादाराशी आमचा तीन वर्षांचा मुख्य करार आहे आणि त्याखाली दरमहा पीओ, म्हणजे खरेदी आदेश, निघतात. पीओच्या मागे छापलेल्या अटी करारातील अटींशी जुळत नाहीत. विसंगती आढळल्यास करारच ग्राह्य धरावा, असे करारात कलम आहे. असे असताना प्रत्येक पीओमधील विसंगतींची यादी करून विधी विभागाकडे पाठवण्याची गरज आहे का?

लेखापाल_ठाणे: माझ्या मते नाही. कोणता दस्तऐवज वरचढ, हे दोन्ही पक्षांनी आधीच ठरवले आहे. छापील मजकुरातील प्रत्येक फरक नोंदवू लागलात, तर प्रत्येक पीओमागे त्याच ओळी पुन्हा येतील आणि वाचणारा चौथ्या महिन्यापासून त्या न वाचताच मंजूर करील.

करारवाचक: पुनरावृत्तीचा मुद्दा योग्य आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. ते कलम आधी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे, कारण ‘पीओमध्ये कलम क्रमांक देऊन स्पष्ट बदल केला नसेल तर’ असा अपवाद त्यात पुष्कळदा असतो. मग पीओच्या मागचा छापील मजकूर आणि दर्शनी पानावर टंकलेल्या विशेष अटी यांचे वजन सारखे राहत नाही. यादीत हे दोन गट वेगळे ठेवावेत. छापील मजकुरातील फरक नमुन्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एकदाच तपासावा आणि दर्शनी पान मात्र प्रत्येक पीओचे वाचावे.

फरकाची किंमत लक्षात यावी म्हणून एक हिशेब मांडतो. करारात एलडी, म्हणजे उशिराबद्दल कापायची ठरीव भरपाई, दर आठवड्याला 0.5 टक्के, तीही फक्त उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर. पीओत 1 टक्का आणि तोही संपूर्ण पीओच्या रकमेवर. पीओ 40 लाखांचा असून त्यातील 10 लाखांचा माल तीन आठवडे उशिरा आला, तर कराराप्रमाणे 15,000 रुपये कापले जातील आणि पीओप्रमाणे 1,20,000. एलडी कापणारा कर्मचारी करार उघडत नाही. त्याच्यासमोर पीओच असतो.

लेखापाल_ठाणे: पण अशी विसंगती आकडे शेजारी ठेवताच दिसते. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

करारवाचक: आकडे सारखे असूनही विसंगती असते, म्हणून. समजा, दोन्हीकडे पोहोचवण्याची तारीख 30 आहे. करारात ‘पोहोच’ म्हणजे खरेदीदाराच्या होसूर येथील फाटकावर माल उतरणे, आणि पीओच्या दर्शनी पानावर ‘एक्स-वर्क्स चाकण’, म्हणजे पुरवठादाराच्या चाकण येथील कारखान्यातच माल ताब्यात देणे, असे टंकलेले आहे. माल 28 तारखेला चाकणहून निघून 2 तारखेला होसूरला पोहोचला, तर एका दस्तऐवजानुसार तो वेळेत आला आणि दुसऱ्यानुसार उशिरा. शीर्षकाशी शीर्षक जुळवणाऱ्याला हे सापडत नाही. म्हणून प्रत्येक अटीसाठी मूल्य, ते कोणत्या घटनेपासून मोजायचे आणि कोणत्या रकमेवर, अशा तीन गोष्टी दोन्हीकडून काढाव्यात, व्याख्यांच्या कलमासकट. यादीत दोन्हीकडचा मूळ मजकूर शब्दशः द्यावा, सारांश नको.

वसुली_नाशिक: आमच्याकडे पीओतील दर आणि बिलातील दर यांचा मेळ प्रणालीच घालते. तेवढ्याने भागत नाही का?

करारवाचक: ती पीओ, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, आणि बिल यांची जुळणी झाली. पीओच कराराशी विसंगत असला, तर तिन्ही कागद एकमेकांशी नीट जुळतील आणि चूक तशीच पुढे जाईल.

लघुउद्योजक_भोसरी: मी पुरवठादाराच्या बाजूने लिहितो. एका मोठ्या ग्राहकाच्या करारात देयकाची मुदत 60 दिवस होती आणि पीओतही 60. तुमच्या पद्धतीने तेथे विसंगती शून्य. परंतु माझा उद्योग सूक्ष्म व लघु वर्गात नोंदलेला उत्पादन उद्योग आहे, आणि 2006 च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम 15 नुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही. उशीर झाल्यास कलम 16 चे चक्रवाढ व्याज लागते. दोन कागद आपसात जुळले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत.

करारवाचक: मान्य. देयकाच्या ओळीत पुरवठादाराचा उद्यम वर्ग नोंदवावा आणि दोन्हीकडचे दिवस 45 शी ताडून पाहावेत, आकडे एकमेकांशी जुळत असले तरीही.

लेखापाल_ठाणे: एक गोष्ट राहते. पुरवठादाराने पीओवर सही-शिक्का करून तो परत पाठवला, तर नंतरचा दस्तऐवज म्हणून पीओच लागू होईल. मग यादीतील ‘करार ग्राह्य’ हा शेरा चुकीचा ठरेल.

करारवाचक: केवळ नंतरचा म्हणून नाही. करारात बदल फक्त अधिकृत स्वाक्षरीच्या लेखी दुरुस्तीने होईल असे कलम असेल, तर भांडारातील कर्मचाऱ्याचा पोचशिक्का पुरेसा आहे असे मला वाटत नाही.

लघुउद्योजक_भोसरी: आणि दोन्ही पक्ष वर्षभर पीओप्रमाणेच वागत आले असतील तर? आमच्याकडून एलडी पीओच्या दराने कापली गेली आणि आम्ही हरकत घेतली नाही, हेच पुढे आमच्याविरुद्ध मांडले गेले.

करारवाचक: तेथे निकाल कोणत्या बाजूने जाईल, हे मी कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. अशा ओळीत ‘करार ग्राह्य’ असे लिहू नये. आजवर प्रत्यक्षात कोणत्या दराने कापले गेले ते नोंदवून ती ओळ विधी विभागासाठी खुली ठेवावी.